नावाची बाजू

माझ्या हातून आयुष्यात एकदाच दुसऱ्या माणसाचं हाड मोडलं. शटर ओढायची आकड्याची सळई असते ना, तिने. ज्याचं मोडलं त्याची दीड वर्षांची मुलगी तेव्हा दोन गल्ल्या सोडून एका नर्सिंग होममध्ये श्वास घ्यायला विसरत चालली होती, आणि तो मला फक्त एक प्रश्न विचारायला आला होता.

घाटकोपरला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, आता मी चालवतो. मी फार्मसी शिकलो, लायसन माझ्या नावावर आहे. पण धंदा मला वडिलांनी शिकवला आणि तो हाताने शिकवला. म्हणजे त्यांच्या हाताने, माझ्या अंगावर. आमच्या घराण्यात राग हा प्रकार पिढीजात आहे. आजोबांचा वडिलांकडे आला, वडिलांचा माझ्याकडे.

सतरा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा स्ट्रिप कापली. गिऱ्हाइकाला दोनच गोळ्या हव्या होत्या. मी कात्री घेतली आणि जिकडून सोपं पडलं तिकडून दोन गोळ्या कापून दिल्या. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत वडील गप्प राहिले. मग त्यांनी त्याच कात्रीची मूठ माझ्या बोटांच्या सांध्यांवर हाणली. तीनदा.

"नाव गिऱ्हाइकाला दिलंस? आता उरलेल्या आठ गोळ्या कोण घेणार, तुझा बाप?"

तेव्हा मला कळलं की स्ट्रिपला एक नावाची बाजू असते. त्या टोकाला औषधाचं नाव, बॅच आणि मुदत छापलेली असते. ती बाजू दुकानात ठेवायची आणि कापायचं दुसऱ्या टोकाकडून. गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो नुसता चंदेरी तुकडा, फार तर त्यावर एखाद्या अक्षराचा पाय आलेला असतो. बोटं आठवडाभर सुजलेली होती, पण धडा पक्का बसला. पुढे तीस वर्षं मी तसंच कापलं. गोळ्यांच्या फुगवट्याला वळसा घालत, जरा तिरकं, ही माझी सवय. त्या कापण्याचा मला थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

त्या बुधवारी एक आजी आली. आमच्याच रस्त्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलगा, सून आणि नातीबरोबर राहणारी, जुनं गिऱ्हाईक. ती शनिवारी गावी जालन्याकडे निघणार होती. प्रवासात पोट बिघडतं म्हणून जुलाबाच्या चार गोळ्या आणि कळ मारते त्याच्या चार गोळ्या दे, म्हणाली. दोन्ही तिने आधी घेतलेल्या होत्या, त्रास काही झाला नव्हता. जुलाबाची म्हणजे लोपरामाइड आणि कळीची म्हणजे डायसायक्लोमिन. पहिली आतड्याची हालचालच मंदावते, दुसरी आतड्याला आलेला पेटका सैल करते. दोन्ही लहान, पांढऱ्या, गोल. मी दोन्ही स्ट्रिपमधून चार-चार कापल्या, नावाची बाजू खणात टाकली आणि दोन्ही तुकडे एकाच कागदी पुडीत घालून दिले.

"रक्त पडलं किंवा ताप आला तर जुलाबाची घ्यायची नाही हां आजी," मी सवयीने बोललो. आजीने सवयीने मान हलवली.

आजीचं गावी जाणं रद्द झालं, कारण शुक्रवारी नातीला जुलाब लागले. हे मला नंतर कळलं. मला कळलं ते थेट रविवारी सकाळी अकराला, जेव्हा सून मुलीला कडेवर घेऊन दुकानात आली.

रविवारी आमच्या भागातले दवाखाने बंद असतात, म्हणून सगळी आजारी माणसं माझ्या काउंटरवर येतात. त्या दिवशी सात-आठ जण एकमेकांच्या डोक्यावरून हात घालून उभे होते आणि माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. बाईने रात्रीपासूनचं सांगितलं. दहा वेळा झाली, आता शेंबडासारखं पडतंय आणि त्यात रक्त आहे. मुलीचे ओठ कोरडे होते, पण ती डोळे उघडे ठेवून माझ्या वजनकाट्याकडे बघत होती.

"भाऊ, ती जुलाब थांबायची गोळी द्या ना. अर्धी देते. दवाखाना उद्या उघडेल."

मी ओरडलो. समजावून सांगितलं असं मला लिहायला आवडेल, पण मी ओरडलोच.

"अहो, अक्कल आहे का? लहान मुलाला देतात का ते? रक्त पडतंय म्हणजे आत जखम झालीय. जे जंतू बाहेर पडतायत ते आत कोंडायचेत का तुम्हाला? लोपरामाइड द्यायचंच नाही. लोपरामाइड! लक्षात ठेवा! ही मीठ-साखरेची पावडर घ्या, पाजत राहा आणि हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या."

लोक बघायला लागले. बाई लाल झाली. तिने ओआरएसची पाकिटं घेतली आणि पायरी उतरताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मला वाटलं, शिवी दिली. ती नाव घोकत होती. लो-प-रा-मा-इड.

मी जे ओरडलो ते चुकीचं नव्हतं. रक्त आणि ताप असला की जुलाब हा शरीराने घाण बाहेर फेकण्याचा मार्ग असतो. आतडं थांबवलं तर जंतू आणि त्यांचं विष आतच राहतं, आतडं फुगतं, क्वचित फाटतंसुद्धा. आणि लहान मुलांची गोष्ट आणखी निराळी. ते औषध मुळात अफूच्या जातीतलं. मोठ्या माणसाच्या ठरल्या मात्रेत ते आतड्यापुरतं राहतं, मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. लहान मुलात ते पोचू शकतं, मूल गुंगीत जातं आणि श्वास मंदावतो. हे सगळं मला पाठ आहे. यातलं मी तिला अर्धं ओरडून सांगितलं आणि अर्धं सांगितलंच नाही. घरात आधीची कुठली गोळी पडलीय का, हे तर विचारलंच नाही. बुधवारी त्याच घरात मी स्वतः चार दिल्या होत्या, आणि ही बाई त्याच आजीची सून आहे हे मला तोंडओळखीने ठाऊक होतं. रागात माणसाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो.

तिचा नवरा घाटकोपर डेपोच्या बाजूला एका गॅरेजमध्ये गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतो. रविवारीही कामावर गेला होता. तो येईपर्यंत थांबू, मग हॉस्पिटलला नेऊ, असं घरात ठरलं.

साडेपाचच्या सुमारास दुकानात मी एकटा होतो. खण आवरत होतो. तो धावत आला तो थेट काउंटरवर. एकच लाथ घातली आणि पुढची काच खाली आली. मला काही बोलायला अवधीच मिळाला नाही. डाव्या हाताने त्याने माझी कॉलर धरली, मला काउंटरवरून अर्धं बाहेर ओढलं, मग मागे ढकलून डोकं रॅकवर आपटलं. एकदा, मग परत एकदा. भुवई फुटली. सिरपच्या बाटल्या खांद्यावर पडून फुटल्या, खोकल्याचं गोड औषध आणि रक्त एकत्र डोळ्यात गेलं. तो सारखा ओरडत होता. काय ओरडत होता ते मी ऐकलंच नाही. माझ्या कानात रक्त उसळत होतं आणि त्याची उजवी मूठ आवळलेली होती, डोक्याच्या वर उचललेली. मला तेवढीच दिसत होती.

मी हात मागे नेला. शटरची सळई कायम तिथेच कोपऱ्यात असते. ती हातात आली आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. सकाळपासूनचा सगळा राग खांद्यात उतरला. मी त्या मुठीवर सळई मारली. त्याने कॉलर सोडली नाही, म्हणून पुन्हा त्याच जागी मारली, पहिल्यापेक्षा जोरात. आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. सुकी फांदी मोडावी तसा.

मूठ उघडली आणि त्यातून एक चंदेरी तुकडा काचांवर पडला.

तो पत्रे ठोकणारा आडदांड माणूस गुडघ्यांवर बसला. हात छातीशी धरला होता आणि तरी तेच बोलत होता. आता मला ऐकू आलं.

"कुठली गोळी ते सांग. डॉक्टर विचारतायत, कुठली गोळी. पोरगी उठत नाहीये रे. नाव सांग फक्त."

शेजारचा रसवाला तोवर धावत आला होता. त्याने मागून माझे दोन्ही हात पकडले, कारण सळई अजून माझ्या हातात वर उचललेली होती.

झालं होतं ते असं. दुपारी बाराला मुलगी कळीने पाय पोटाशी घेऊन रडायला लागली. आजीने स्वतःच्या पुडीतला एक तुकडा कळीचा समजून त्यातली एक गोळी चेचून चमच्यात पाजली. दोन वाजता पुन्हा एक. त्यानंतर जुलाब थांबले आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मुलगी झोपली. चारला उठवायला गेले तर उठेना. पोट टरटरून फुगलेलं, श्वास इतका सावकाश की आईने नाकाशी हात धरून मोजला. नर्सिंग होममध्ये ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने मुलीला ऑक्सिजन लावला, डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बघितल्या आणि विचारलं, काय दिलंत? आजीने पुडीतला तुकडा पुढे केला. दोन खळगे रिकामे, दोन गोळ्या शिल्लक आणि नाव कुठेच नाही. डॉक्टरला संशय आला होता, पण खात्री हवी होती. त्यावर उतारा म्हणून जे इंजेक्शन लागतं ते त्या छोट्या नर्सिंग होममध्ये नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलला फोन करून तिला सांगायचं होतं की नेमकं काय पोटात गेलंय.

मी काचांतून तो तुकडा उचलला. गोळी पांढरी, गोल. दोन्ही औषधांच्या गोळ्या तशाच. बुधवारी दिलेल्या आठातल्या कुठल्या या? मला सांगता येईना. तीस वर्षं औषधं विकणारा माणूस, आणि स्वतः कापलेला तुकडा माझ्या हातात असून मला त्याचं नाव सांगता येत नव्हतं.

मग खण आठवला.

मी खण ओढून सगळा काउंटरवर उपडा केला. कापलेल्या स्ट्रिपा, वीस-पंचवीस. लोपरामाइडची सहा गोळ्यांची सापडली, मग डायसायक्लोमिनचीही. बुधवारनंतर दोन्हींना कात्री लागलेली नव्हती. मी आजीचा तुकडा आधी डायसायक्लोमिनला लावला. माझ्या भुवईतून रक्त ठिबकत होतं, ते सारखं पुसावं लागत होतं. कडा जुळेना, मध्ये फट राहत होती. लोपरामाइडला लावला. माझाच तिरका वळसा, फुगवट्याला वळलेली माझीच कात्री. कड कडेला बसली. नावाचं शेवटचं अक्षर स्ट्रिपवर होतं आणि त्याचा राहिलेला पाय तुकड्यावर.

"लोपरामाइड," मी म्हणालो. "दोन मिलिग्रॅमच्या दोन."

तो उठला. मी दोन्ही तुकडे मुठीत घेतले आणि आम्ही दोघं धावलो. माझ्या शर्टावर रक्त आणि सिरप, त्याचा हात छातीशी. रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते. दोन गल्ल्यांत त्याने मला तीनदा आईवरून शिवी दिली आणि एकदा, वळणावर मी पाय घसरून पडलो तेव्हा, चांगल्या हाताने उचललं.

डॉक्टरने दोन्ही तुकडे जोडून पाहिले आणि तिथूनच फोन लावला. तिचा आवाज चढलेला होता. "लोपरामाइड, चार मिलिग्रॅम, दीड वर्षाचं बाळ, नऊ किलो, रक्ताचे जुलाब होते. श्वास मंद आहे. नालोक्सोनचं इंजेक्शन तयार ठेवा, पोहोचतोच आम्ही." अँब्युलन्स दाराशी होती. आई मुलीला धरून आत बसली होती, डॉक्टर फुगा दाबून मुलीला श्वास देत होती. आजी फूटपाथवर बसून स्वतःच्या कपाळावर उलट्या मनगटाने मारून घेत होती, एका लयीत. कोणी तिला थांबवलं नाही. मीही नाही.

मोठ्या हॉस्पिटलात इंजेक्शन टोचल्यावर थोड्या वेळाने मुलगी रडली. मी बाहेरच्या बाकावर होतो, तिथवर ऐकू आलं. पण ते इंजेक्शन उतरतं लवकर आणि गोळीचा अंमल टिकतो जास्त, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. पोटाचं संकट वेगळंच होतं. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवलं, सलाइनमधून अँटिबायोटिक चालू केलं. आतडं फाटतं की काय या भीतीत दोन दिवस गेले. मी रोज जायचो. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी पोट उतरलं. सहाव्या दिवशी तिला घरी सोडलं.

पोलीस चौकीतून बोलावणं आलं होतं. फुटलेली काच सगळ्या रस्त्याने पाहिली होती. तो म्हणाला, मी गॅरेजमध्ये पडलो. मी म्हणालो, रॅक अंगावर पडलं. हवालदाराने आमच्या दोघांकडे पाहिलं, माझे टाके आणि त्याचं प्लास्टर, आणि वही मिटली. त्याची दोन बोटं मोडली होती. एक नीट जुळलं. करंगळीच्या शेजारचं अजून वाकडं आहे, हातोडा धरताना ते बाहेर राहतं.

मला शिक्षा झाली ती दुसऱ्याच दिवशी, त्या बाकावर. मुलीची आई आतून चहा प्यायला बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार मला समजतो, त्यातच वाढलो मी.

ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही नाव सांगितलं होतं. मी पाठ करत घरी गेले. सासूबाईंनी पुडी काढली तेव्हा मी तो चंदेरी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. उजेडात नेऊन बघितला. तुम्ही सांगितलेलं नाव त्यावर असतं तर मी देऊ दिली नसती. नव्हतं. म्हणून दिली."

 वडिलांची आठवण झाली. सतराव्या वर्षी त्यांनी माझी बोटं फोडली ती नाव गिऱ्हाइकाला दिलं म्हणून. मी अडाणीपणे केलं होतं, पण बरोबर केलं होतं. मग तीस वर्षं मी मार खाऊन शिकलेली चूक इमानाने करत राहिलो आणि शेवटी त्याच दुकानात दुसऱ्या एका बापाची बोटं मोडली. मला वडिलांचा भयंकर राग आला. ते गेलेत, भिंतीवर फोटो आहे. त्या दिवशी घरी येऊन मी तो उतरवला आणि आठवडाभर उलटा ठेवला. 

आता मी शक्यतो पूर्ण स्ट्रिप देतो. कापायची वेळ आलीच तर प्रत्येक तुकड्याची वेगळी पुडी करतो. तिच्यावर मोठ्या अक्षरात मराठीत नाव लिहितो, मुदत लिहितो आणि कोणाला द्यायची नाही तेही लिहितो. जुलाबाच्या गोळीच्या पुडीवर, "लहान मुलांना नाही. रक्त पडत असेल तर कोणालाच नाही." मागे लोक खोळंबतात, बडबडतात. माझा राग गेलेला नाही, त्यांच्यावर ओरडतो. पण लिहून होईपर्यंत पुडी सोडत नाही.

मध्यंतरी त्या मुलीची आई दुकानात आली. मुलगी आता पायांनी चालत होती, आईचा कुर्ता धरून. सासूच्या पोटात कळ येते म्हणून चिठ्ठी आणली होती, चारच गोळ्यांची. मी कापल्या, पुडी केली, लिहिलं आणि पुढे केली. तिने पैसे ठेवले नाहीत आधी. पुडी उघडली, तुकडा बाहेर काढला, पुडीवरच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि चिठ्ठीशी ताडून पाहिलं. मग माझ्याकडे हात पसरला.

"ती उरलेली स्ट्रिप द्या," ती म्हणाली.

मी खणातून काढून दिली. काउंटरवरच्या नव्या काचेवर तिने दोन्ही कडा एकमेकींना लावल्या, नीट बसल्या का ते वाकून बघितलं, मुलीला उचललं आणि पायरी उतरली.